मोडी कागदाचा फोटो देवनागरीत उतरवताना न लागलेल्या शब्दांचं काय करायचं?

प्रश्न: "आजोबांच्या ट्रंकेत एक जुना मोडी कागद सापडला. मोबाईलवर फोटो काढून देवनागरीत उतरवतोय. मोडीचा वर्ग केलाय, तरी दर ओळीत दोन-तीन शब्द लागत नाहीत. एक नाव तर नेमकं घडीवर आलंय. असे शब्द अंदाजाने भरावेत की मोकळे सोडावेत? खात्री नाही हे लिहून दाखवायची काही पद्धत आहे का?"

अंदाज जरूर लिहा, पण तो अंदाज आहे हे त्याच जागी दिसलं पाहिजे. तळटीपेत किंवा शेवटी "काही शब्द संदिग्ध आहेत" असं लिहून भागत नाही, कारण उतारा पुढे कुणीतरी कॉपी करतं आणि शेवटची ओळ गळते. गेली पंधरा-सोळा वर्षं मी लोकांच्या घरातले कागद वाचून देतोय. खोडून-खोडून एवढंच ठरलंय की डोळ्यांनी वाचलेलं आणि तर्काने वाचलेलं एका रंगात लिहायचं नाही. तर्क चुकीचा असतो असं नाही, पुष्कळदा तो डोळ्यांपेक्षा पक्का निघतो. पण उद्या दुसरा माणूस तपासायला बसला, तर त्याला कुठे बघायचं ते कळलं पाहिजे.

आता यात बरंच काही कागदावर अवलंबून आहे. पेशवाईतलं पत्र असेल तर मायने, कालगणना, अक्षराची धाटणी सगळंच वेगळं. घरांतून निघणारे बहुतेक कागद मात्र एकोणिसाव्या शतकातले असतात: कर्जाचं खत, गहाणखत, वाटणीपत्र, पावती. तुमच्या फोटोत वर स्टँपाचा छाप अर्धवट दिसतोय, म्हणून मी खत धरून बोलतो. दुसरं म्हणजे उतारा कशासाठी हवाय. घरच्या माहितीसाठी असेल तर पुढचं सगळं स्वतः करता येईल. सरकारी कामाला किंवा कोर्टात लावायचा असेल तर शेवटी अधिकृत मोडी वाचकाकडूनच करून घ्यावा लागेल. तरीही आधी स्वतः उतरवलेला असला की त्याला नेमके प्रश्न विचारता येतात.

आधी फोटोचं. निम्मे "न लागणारे" शब्द खरं तर न दिसणारे असतात. तुमचा फोटो वरून फ्लॅश मारून काढलाय. फ्लॅशने घडीची सावली नाहीशी होते, आणि घडीत दबलेली शाईही पांढरी पडते. कागद सपाट ठेवा, पण इस्त्री नको, पाणी नको, टेप तर अजिबात नको. खिडकीशी बसून एका बाजूने तिरका उजेड घ्या. आधी सगळ्या कागदाचा एक फोटो काढा, मग चार-पाच ओळींच्या पट्ट्यांचे वेगळे, दर पट्टीत आधीच्या पट्टीची एक ओळ पुन्हा येईल असे. घडीवरच्या जागेचे दोन फोटो हवेत, एक उजेड डावीकडून आणि एक उजवीकडून. आणि कोरी दिसली तरी पाठ सोडू नका. स्टँप कोणी, कधी विकत घेतला ते मागे लिहिलेलं असतं, आणि कर्ज फेडल्याची नोंदही कधीकधी तिथेच सापडते.

लाल छापाखाली अक्षरं गेली असतील तर फोटोतला फक्त लाल भाग वेगळा काढा. छाप फिका होतो, खालची काळी शाई तशीच राहते. कॉम्प्युटरवर इमेजमॅजिक असेल तर एका ओळीचं काम आहे:

```
magick kagad.jpg -channel R -separate kagad-lal.png
```

शाई तपकिरी पडून फिकट झाली असेल तर `R` च्या जागी `B` घालून बघा, बऱ्याचदा ती गडद होऊन येते. मूळ फोटोला मात्र हात लावायचा नाही. वाचन नेहमी दोन्ही शेजारी ठेवून करायचं, कारण रंग ताणले की कागदाचे डागही काने-मात्रांसारखे दिसायला लागतात.

आता उतरवणं. लिहिणारा आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिला अक्षरं टांगत जाई, त्यामुळे शब्द कुठे संपला हे कागदावर नसतंच. वर्गात आपण सुटे शब्द वाचायला शिकतो आणि घरी आलो की अख्खी ओळ एकच शब्द होऊन पुढे येते. म्हणून पहिल्या फेरीत शब्द तोडूच नका. ओळीला क्रमांक द्या आणि दिसतील ती अक्षरं सलग लिहीत जा, मूळ कागदावर ओळ जिथे संपते तिथेच आपलीही ओळ संपवून. अर्थाकडे बघायचं नाही. हे कंटाळवाणं वाटतं, पण अर्थ शोधायला लागलो की डोळे आपोआप ओळखीचा शब्द पुरवतात आणि दिसत नसलेला उकारही दिसायला लागतो.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. मी सगळीकडे दुसरी वेलांटी आणि पहिला उकार लिहितो, आणि तसं उताऱ्याच्या वर एका ओळीत सांगून टाकतो. आजच्या शुद्धलेखनात बसवायचं असेल तर ती वेगळी, तिसरी प्रत. पहिल्या प्रतीत "संवछरे" असेल तर "संवछरे"च राहू द्या.

पहिल्या फेरीतच एका कोऱ्या कागदावर त्या लेखकाच्या अक्षरांचा तक्ता सुरू करायचा. छापील तक्ता हा कुणाचाच हात नसतो. तुमच्या कुळकर्ण्याचा "व" त्याचाच, दुसऱ्याचा "ब" त्याच्यासारखा दिसू शकतो. तक्ता भरायचा तो ठरलेल्या मजकुरातून, म्हणजे शके, नाम संवत्सरे, लिहून घेणार, लिहून देणार, कारणे, रुपये, साक्ष. हे शब्द काय असणार ते आधीच माहीत असतं, त्यामुळे त्यांतून अक्षरं फुकट मिळतात. न लागलेला शब्द समोर आला की त्याचं एकेक अक्षर या तक्त्याशी जुळवायचं.

खुणा मी फार ठेवत नाही. जास्त ठेवल्या की स्वतःच विसरतो. चौकटी कंस म्हणजे इथे काहीतरी आहे, एवढं लक्षात ठेवा.

[मानाजी?] : अक्षरं दिसतात, खात्री नाही.
[२/३?] : दोनच पर्याय उरलेत, दोन्ही लिहिले.
[...] : गेलेली अक्षरं, एका अक्षराला एक टिंब. किती गेली ते सांगता येत नसेल तर [फाटले].
[ईश्वर] : प्रश्नचिन्ह नाही. डोळ्यांनी पूर्ण वाचलेलं नाही, पण कागदातल्याच दुसऱ्या पुराव्याने ठरलं. पुरावा खाली टीपेत.
मौ(जे) : गोल कंसातलं मी फोडलेलं संक्षिप्त रूप.
<स> : मूळात नाही, लिहिणाऱ्याकडून राहिलं असं माझं मत.

प्रश्नचिन्ह असलेला आणि नसलेला चौकटी कंस, हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो कसा वापरतो ते एका खतावरून दाखवतो. नावं बदलली आहेत. हे खत फोटोतूनच वाचलेलं, पाचेक ओळी घडीने आणि शाईच्या डागाने बिघडलेल्या. पहिल्या फेरीत ते असं उतरलं:

२: शके१७९[१/९?][...]नामसंवछरेमार्गेश्वरसुध५तदीनीखत
७: तुम्हापासुनरुपये१[२/३?]५नीमेरुपये६२॥प्रपंचाचे
८: [.]डीस्तवघेतलेयासव्याजदरमाहेदरसेंकडारुपये१॥
११: पुर्वेसवोढापश्चीमेसखारामाचेशेतउत्तरेस

दुसऱ्या ओळीतला शेवटचा आकडा १ की ९, ते घडीमुळे कळत नव्हतं. म्हणजे शके १७९१ की १७९९, आठ वर्षांचा फरक. पुढे संवत्सराचं नाव, पण त्यावर डाग. संवत्सरं साठ, आणि ती शकाला बांधलेली. शकात १२ मिळवून ६० ने भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १७९१ ला बाकी ३ येते, म्हणजे शुक्ल. १७९९ ला ११, म्हणजे ईश्वर. डागाखालून शेवटच्या अक्षराचा खालचा भाग डोकावत होता. आणि याच ओळीत पुढे "मार्गेश्वर" आहे (मार्गशीर्षाला जुन्या कागदांत असं लिहिलेलं सर्रास सापडतं). त्यातला "श्वर" स्वच्छ होता. दोन्ही तुकडे मोठे करून एकावर एक ठेवले, तर शेपटी तंतोतंत जुळली. "शुक्ल" असतं तर तिथे "ल" आला असता. पाठीवर स्टँप विकल्याचं इसवी सन १८७७ होतं, तेही शके १७९९ शी जमतं. तेव्हा दुसऱ्या फेरीत ओळ अशी झाली:

२: शके १७९[९] [ईश्वर] नाम संवछरे मार्गेश्वर सुध ५ तदीनी खत

प्रश्नचिन्ह आणि टिंबं गेली, पण कंस राहिले. माझ्या मनात आता शंका नाही, तरी ते आकडे मी पाहिलेले नाहीत, ठरवलेले आहेत.

सातवी ओळ त्याहून सोपी निघाली. रक्कम १२५ की १३५? खत लिहिणारे लोक फसवाफसवी टाळायला रकमेपुढे तिचं निमंही लिहीत, म्हणजे एका आकड्यात कुणी खाडाखोड केली तर दुसरा बोंब मारेल. इथे निमे रुपये ६२॥ आहेत, साडेबासष्ट. दुप्पट सव्वाशे. १३५ असते तर निमे ६७॥ आले असते, आणि २ आणि ७ चा गोंधळ या हातात होत नाही, तक्त्यात दोन्ही आहेत. म्हणून १[२]५, कंसासह. तुमच्या कागदातही "निमे" शोधा. रकमेच्या लगेच पुढे असतं.

इथे ॥ या खुणेबद्दल दोन शब्द, कारण नव्या वाचकाला तीच जास्त चकवते. आकड्याच्या मागून आली तर ती अर्धा. एक दंड पाव, तीन दंड पाऊण. म्हणजे ८ व्या ओळीतला १॥ हा दीड रुपया, दर महिना दर शेकडा. पण तीच खूण अक्षरामागे आली की ते संक्षिप्त रूप, म्हणजे मौ॥, ता॥, मु॥. आणि अधूनमधून ती नुसता विराम म्हणूनही येते. तिच्या आधी काय आहे ते पाहिल्याशिवाय तिचा अर्थ ठरवू नका.

आठव्या ओळीत मी स्वतः घसरलो होतो. ओळीचं पहिलं अक्षर गेलेलं, पुढे "डीस्तव". कर्ज का घेतलं त्याचं कारण. १८७६ ते ७८ हा दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा काळ, शक तर नुकताच सोडवलेला, डोक्यात तेच घोळत होतं. पहिल्यांदा मी तिथे चक्क "दुकाळास्तव" वाचलं. गोष्ट जमत होती ना! खतातला शेतकरी, दुष्काळ, सावकार, सगळं कसं जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी तक्ता घेऊन बसलो तेव्हा दिसलं, की "स्तव"च्या आधी ना "ळ" आहे ना काना. आहे ती वेलांटी आणि "ड". शब्द "नडीस्तव" असावा, नड म्हणजे गरज, अडचण. पण "न" मला दिसलेला नाही आणि तो ठरवणारा दुसरा पुरावाही कागदात नाही. "अडीस्तव" कुणी म्हणालं तर त्याला खोडून काढता येणार नाही. म्हणून तिथे [न?]डीस्तव, प्रश्नचिन्हासह, आणि ते आजही तसंच आहे. माझ्या दुष्काळाचा त्या उताऱ्यात उल्लेखही नाही.

अकरावी ओळ म्हणजे शब्द तोडण्याचा खेळ. "पश्चीमेसखारामाचेशेत". "पश्चीमे सखारामाचे शेत" की "पश्चीमेस खारामाचे शेत"? चतुःसीमेत बाकीच्या दिशा पाहा: "पुर्वेस वोढा", "उत्तरेस". म्हणजे पश्चिमेलाही "स" प्रत्यय हवा. पण मग शेजाऱ्याचं नाव "खाराम" उरतं, आणि असं नाव कुणाचं नसतं. घडलं असं, की लागोपाठ दोन "स" आले आणि हात न उचलता लिहिताना त्यातला एक गळला. मी असं लिहिलं:

११: पुर्वेस वोढा पश्चीमेस <स>खारामाचे शेत उत्तरेस

"पश्चिमेस सखारामाचे" असं सरळ दुरुस्त करून टाकलं असतं तर वाचायला बरं वाटलं असतं, पण मूळात एकच "स" आहे ही गोष्ट गायब झाली असती. आणि उद्या त्या गावात खरंच कुणी वेगळ्या नावाचा शेजारी निघाला, तर माझी चूक शोधायला जागाच उरली नसती.

तुमच्या घडीवरच्या नावाकडे आता येतो. या खतातही लिहून देणाऱ्याचं नाव घडीतच सापडलं होतं, पाचव्या ओळीत. पुढचं "नाजी" स्पष्ट, पहिलं अक्षर अर्धं गेलेलं, काना मात्र दिसत होता. तानाजी, मानाजी, नानाजी, तिन्ही बसतात. अशा वेळी पाच मिनिटांहून जास्त तिथे बघत बसू नका, खाली जा. खताच्या शेवटी तेच नाव पुन्हा येतं. सही येत नसेल तर तिथे नांगराची निशाणी काढलेली असते, बाईमाणूस असेल तर बांगडीची, आणि शेजारी कुळकर्णी लिहितो की ही अमक्याची निशाणी. इथे खाली "मानाजी" स्वच्छ होता. वर परत येऊन पाहिलं तर अर्ध्या उरलेल्या अक्षराची गाठ खालच्या "मा"शी जुळत होती. वर मी [मा]नाजी लिहिलं आणि टीप दिली, "ओळ २४ वरून". खाली काहीच कंस नाही, कारण तिथे ते डोळ्यांना दिसतं.

पण एक सांभाळा. खालचं नाव वरच्याच माणसाचं आहे हेही तपासावं लागतं. साक्षीदारांत भाऊबंद असतात, आणि एका घरात तानाजी, मानाजी दोघे सख्खे भाऊ असायला काहीच हरकत नाही. बापाचं नाव, "बिन" नंतरचं, दोन्हीकडे सारखं आहे का ते पाहा आणि "लिहून देणार" हे शब्द त्याच नावाशी आहेत का तेही.

संक्षिप्त रूपांबाबत माझा एक जुना घोटाळा सांगतो. एका कुटुंबाने वाटणीपत्राचा फोटो पाठवला होता. गावाच्या नावापुढे कागदाची कड झिजलेली, फक्त ॥ आणि त्याआधी शाईचा ठिपका. घरचे म्हणाले, आमचं गाव खुर्द. मी विश्वासाने "वडगाव खुर्द" लिहून दिलं, कंस नाही, काही नाही. पुढे कधीतरी मूळ कागद हातात आला, उजेडात तिरका धरला, तर तो ठिपका "खु"चा नव्हताच, "बु"चा उकार होता. बु॥, म्हणजे बुद्रुक. पूर्वी ते घराणं पलीकडच्या गावात होतं. तोवर माझा उतारा टाईप होऊन वकिलाकडे गेलेला. दुरुस्तीपत्र लिहून दिलं, चार लोकांची माफी मागितली. त्यानंतर घरच्यांना आधी काही विचारतच नाही, उतारा झाल्यावर विचारतो. घरच्यांना जे हवं असतं ते अर्धवट अक्षरात फार लवकर दिसतं.

२०२३ पासून कुणबी नोंदींसाठी जे फोटो येतात त्यांत तर हे कटाक्षाने पाळावं लागतं. जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत जातीच्या रकान्यात "कु॥" एवढंच असेल, तर उताऱ्यात "कु॥" एवढंच. ते कुणबी असू शकतं, पण कु॥ हे कुलकर्णीचंही संक्षिप्त रूप म्हणून येतं. रकान्याचा मथळा काय आहे, त्याच पानावर इतर नावांपुढे पूर्ण शब्द कुठे लिहिलाय का, हे पाहून टीपेत मत द्या. "ता॥"चंही तसंच: तालुका, तारीख किंवा तागाईत, म्हणजे "पर्यंत". फोडायचं असेल तर गोल कंसात, ता(लुका). म्हणजे कागदाने काय दिलं आणि मी काय जोडलं ते वेगळं राहतं.

अजून एक जात आहे शब्दांची, जी लोक चुकून संदिग्धात टाकतात. अक्षर न अक्षर स्वच्छ, पण शब्द कधी ऐकलेला नाही. "दरोबस्त", "इस्तकबील", "कुलबाब कुलकानु". पहिला म्हणजे सगळंच्या सगळं, दुसरा "अमुक वेळेपासून", तिसऱ्यात सगळे कर आणि हक्क आले. हे फारसी-अरबी शब्द आज वापरात नाहीत म्हणून ओळखीचे वाटत नाहीत, वाचन मात्र पक्कं असतं. त्यांना प्रश्नचिन्ह लावू नका. मी नुसता तारा * करतो, म्हणजे "वाचन बरोबर, अर्थ शोधायचाय", आणि मग मोल्सवर्थचा कोश काढतो. प्रश्नचिन्ह लावलंत तर नंतरचा वाचक ते "दुरुस्त" करून "दारोदार" वगैरे काहीतरी करून ठेवतो.

तुमचा कागद खत न निघता पेशवाईतला निघाला, तर तारखेची तपासणी वेगळी होते. तिथे शुहूर सन अरबी शब्दांत असतो, "सन सलास सबैन मया व अलफ": तीन, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७७२-७३. वर्ष मृगाला बदलतं, त्यावर कोणता आकडा मिळवायचा ते ठरतं. तिथे नुसता "स" उरला असेल तर फार जपून, कारण सलास, सीत, सबा, समान सगळे "स"चेच. असं असेल तर [स...] एवढंच लिहा आणि पत्रातली माणसं, चंद्राची तारीख, मुक्काम यांवरून काही लागतंय का बघा.

गावाचं नाव अडलं तर नुसत्या तर्कावर जाऊ नका. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत तालुकावार सगळी गावं असतात. दिसतात ती अक्षरं घेऊन यादी चाळायची आणि बसणारी सगळी नावं कंसात लिहायची, पहिलं सापडलेलं नव्हे. शेजारच्या गावांची नावं कागदात आली असतील तर नकाशावर ती एकमेकांना लागून आहेत का ते पाहिलं की बहुधा एकच उरतं.

दुसरी फेरी झाली की उतारा बाजूला ठेवा, निदान आठवडाभर. मग फोटो समोर ठेवून उताराच मोठ्याने वाचा, आणि दुसऱ्या कुणालातरी फोटोवर बोट फिरवायला सांगा. त्याला मोडी येत नसली तरी चालेल. एखादी ओळ गाळलीत किंवा दोनदा लिहिलीत तर तो अडवेल. माझ्याकडून दहा कागदांत एकदा तरी अशी ओळ गळतेच, विशेषतः लागोपाठच्या दोन ओळी एकाच शब्दाने सुरू होत असतील तेव्हा.

त्या मानाजीच्या खतात आजही तीन कंस प्रश्नचिन्हासह आहेत: नडीस्तव, एका साक्षीदाराचं आडनाव, आणि शेताच्या ठिकाणाचं नाव, ज्यातलं फक्त शेवटचं "ळ" दिसतं. त्या घरच्यांना मी ते तसेच दिले. सहा महिन्यांनी त्यांच्या चुलत्याने शेताचं नाव "बाभूळमळा" असल्याचं कळवलं. बसतं ते, पण शेवटी "ळा" हवा आणि मला "ळ"नंतर काना दिसत नाही. म्हणून टीपेत लिहून ठेवलंय, "घरच्यांच्या सांगण्यानुसार बाभूळमळा", आणि कंस उघडाच आहे.

तुमच्या फोटोचं म्हणाल, तर खालचा डावा कोपरा चौकटीबाहेर गेलाय. साक्षी, निशाणी आणि लिहिणाऱ्याचं नाव तिथेच असणार, आणि घडीवरचं तुमचं नावही बहुतेक तिथे पुन्हा आलेलं असेल. तेवढ्या कोपऱ्याचा, डावीकडून तिरका उजेड घेऊन, एक फोटो टाका. आणि तोवर घडीवरच्या नावाच्या जागी काहीही भरू नका.